पोटात बाळ आणि पायांवर बारा तास

रविवारी वंदना झाल्यावर विहारात बायका थोडा वेळ बसतात. या पानासाठीचे निम्मे प्रश्न आम्हाला तिथेच मिळतात. मागच्या महिन्यात एक भगिनी सगळ्या गेल्यावरही बसून राहिली. पाचवा महिना चालू होता. कळव्याहून कुर्ल्याला एका ऑफिसच्या इमारतीत ठेकेदाराकडे हाऊसकीपिंगचे काम करते. तिने विचारले, "ताई, काम सोडू का? सासूबाई म्हणतात, आम्ही शेतात दिवस भरेपर्यंत राबलो, काही झालं नाही. शेजारीण म्हणते, ट्रेनच्या गर्दीत पोट दबतं, घरी बस. पण घरी बसले तर खोलीचं भाडं कोण देणार?"

असा प्रश्न आमच्या वस्त्यांत जवळजवळ प्रत्येक घरात कधी ना कधी येतो. त्याचे उत्तर "काम सोड" असे नाही आणि "काही होत नाही" असेही नाही. प्रकृती ठीक असेल तर गरोदर बाईने काम करण्यात धोका नाही. धोका असतो तो कामातल्या ठराविक गोष्टींत. एका जागी तासन्‌तास उभे राहणे, लघवी दाबून ठेवणे, रात्रपाळी आणि गर्दीत पडणे या त्या गोष्टी. यातली प्रत्येक गोष्ट थोडी तरी कमी करता येते. ती कशी, हे आम्ही त्या भगिनीच्याच दिवसावरून सांगतो. तिच्या परवानगीने सांगतो, नाव मात्र देत नाही.

आधी दिवस मोजून पाहा

आम्ही तिला एक कागद दिला आणि म्हटले, सकाळी घर सोडल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत किती वेळ पायांवर असतेस, ते लिही.

घरापासून स्टेशन, प्लॅटफॉर्मवर थांबणे, गाडीत उभे राहणे, कुर्ल्याला उतरून इमारतीपर्यंत चालणे, असा सकाळी सव्वा तास. कामावर आठ तासांची पाळी, त्यात जेवणाची अर्धा तास सुट्टी, म्हणजे साडेसात तास. येताना पुन्हा सव्वा तास. घरी आल्यावर पाणी भरणे, स्वयंपाक, भांडी, यात दोन तास. बेरीज झाली बारा तास.

ती स्वतःच कागदाकडे बघत राहिली. "मी तर आठ तासांचं काम करते असंच धरून होते," म्हणाली. पहिली चूक इथेच होते. आपण कामाचे तास मोजतो. शरीर मात्र उभे राहण्याचे तास मोजते. त्याला ते कंपनीत आहेत, गाडीत आहेत की मोरीत, याच्याशी देणेघेणे नसते.

उभे राहिल्याने आत काय होते

गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते, कारण बाळालाही त्यातूनच पोसायचे असते. याच काळात शरीरात तयार होणाऱ्या रसांमुळे शिरा सैल पडतात. वाढलेली गर्भपिशवी ओटीपोटातल्या शिरांवर दाब देते. त्यामुळे पायांकडे गेलेले रक्त वर हृदयाकडे परतायला वेळ लागतो.

हे रक्त वर ढकलण्याचे काम पोटऱ्या करतात. आपण चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, सुटतो आणि पंपासारखा रक्त वर सारतो. म्हणून चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे जास्त वाईट. लिफ्टजवळ उभी असलेली, पॅकिंगच्या टेबलाशी उभी असलेली, दुकानाच्या काउंटरवर उभी असलेली बाई चालत नाही, म्हणून तिचा पंपही बंद असतो. रक्त पायांत साठते, पावले सुजतात, शिरा फुगतात. मेंदूला रक्त कमी पडले की डोळ्यांपुढे अंधारी येते. गर्भपिशवीकडे जाणारे रक्तही कमी होते आणि दिवसाच्या शेवटी पोट दगडासारखे कडक व्हायला लागते. असे रोजच होत असेल तर दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचा धोका थोडा वाढतो. धोका वाढतो म्हणजे प्रत्येकीला तसे होईल असे नाही. पण रक्त आधीच कमी असलेल्या, जुळे असलेल्या किंवा आधीचे बाळंतपण लवकर झालेल्या बाईला हा थोडा धोकाही परवडत नाही.

सासूबाईंच्या म्हणण्याचेही उत्तर यातच आहे. शेतात काम जड असते, त्यात शंका नाही. पण तिथे बाई चालते, वाकते, दम लागला की बांधावर बसते. इमारतीत सुपरवायझर बसू देत नाही. शिवाय शेतात "काही झालं नाही" असे म्हणताना कितीजणींची मुले लवकर झाली, कितींची दगावली, ते कुणी लिहून ठेवले नव्हते.

यावर उपाय असे आहेत. दर दोन तासांनी दहा मिनिटे बसायचे आणि बसताना पाय स्टुलावर किंवा उलट्या बादलीवर वर घ्यायचे. उभेच राहावे लागत असेल तर एक पाय विटेएवढ्या उंचीवर ठेवायचा आणि दहा-पंधरा मिनिटांनी पाय बदलायचा. टाचा वीस वेळा वर-खाली केल्या तरी पोटरीचा पंप चालू होतो. हे पोछा मारता मारता, रांगेत, गाडीतही करता येते. घरी आल्यावर अर्धा तास डाव्या कुशीवर पडायचे. डाव्या कुशीवर अशासाठी, की पोटातली मोठी शीर कण्याच्या उजव्या बाजूने जाते आणि उताणे झोपले की गर्भपिशवी तिच्यावर बसते.

पाण्याची भरलेली बादली, कचऱ्याची मोठी पिशवी किंवा सिलिंडर एकटीने उचलू नये. बादली अर्धी भरावी आणि दोन फेऱ्या कराव्यात.

पाणी न पिण्याची सवय

आम्ही तिला विचारले, "कामावर पाणी किती पितेस?" ती हसली. "ताई, सकाळी एक घोट. मग घरी आल्यावरच. टॉयलेट साफ आम्ही करतो, पण वापरायची परवानगी खालच्या पार्किंगमधल्याचीच. तिथे जायचं म्हणजे सुपरवायझरला सांगावं लागतं."

जवळजवळ प्रत्येक कामकरी बाई असेच सांगते, मग ती घरकाम करणारी असो, रस्ता झाडणारी असो की दुकानात काम करणारी. गरोदरपणात ही सवय महागात पडते, कारण लघवीचा मार्ग या काळात सैल असतो आणि लघवी पुढे सरकायला वेळ लागतो. तिथे पाणी कमी प्यायले आणि लघवी दाबून ठेवली की जंतू वाढतात. त्याला आपण उन्हाळी लागली म्हणतो आणि धन्याचे पाणी पिऊन गप्प बसतो. पण हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला तर थंडी वाजून ताप येतो आणि वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात. कित्येकदा संसर्ग असूनही जळजळ होत नाही. म्हणून गरोदरपणात लघवीची तपासणी काही त्रास नसला तरी करायची असते.

दिवसभरात आठ-दहा पेले पाणी पोटात जायला हवे. एकदम ढोसायचे नाही. लिटरची बाटली सोबत ठेवायची, ती दुपारच्या जेवणापर्यंत एकदा आणि पाळी संपेपर्यंत दुसऱ्यांदा संपवायची. दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचेच, लागली नाही तरी. लघवीचा रंग गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. जळजळ, वारंवार थोडीथोडी लघवी, ओटीपोटात किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखणे, ताप, यातले काहीही झाले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. गरोदरपणात चालणारी औषधे आहेत. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळी घेऊ नये.

याच तपासणीत हिमोग्लोबिनही पाहिले जाते. ते 11 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असे धरतात. अशा बाईला उभे राहिल्यावर चक्कर लवकर येते. सरकारी केंद्रात मिळणारी लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज घ्यावी. ती चहासोबत घेतली तर लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये. आमच्या भगिनीचे हिमोग्लोबिन 9.4 होते. ती गोळी रोज घेत होती, पण सकाळच्या चहाबरोबर. आम्ही तिला गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने घ्यायला सांगितली. महिन्याने पुन्हा तपासायला जायचे ठरले.

रात्रपाळी

तिच्यासोबत तिची धाकटी जाऊ आली होती. ती एका रुग्णालयात आया आहे आणि आठवड्यात तीन रात्री तिची पाळी असते. तिला दोन महिने झाले होते, पण कामावर सांगितलेले नव्हते. "तीन महिने झाल्याशिवाय सांगायचं नाही म्हणतात," ती म्हणाली. "आणि सांगितलं तर काढून टाकतील."

इथे मात्र आम्हाला जरा थांबून बोलावे लागले. उभे राहण्याचा त्रास शेवटच्या महिन्यांत वाढतो, पण रात्रपाळीचा धोका सुरुवातीपासून असतो. रात्री अंधार पडला की शरीरात झोपेचा रस तयार होतो. तो वारेच्या वाढीसाठीही उपयोगी असतो. रात्रभर दिव्याखाली जागे राहिले की तो कमी होतो, झोप मोडते, खाण्याची वेळ बिघडते. 2019 साली डेन्मार्कमध्ये सुमारे 23 हजार गरोदर कामकरी स्त्रियांच्या पाळ्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्या स्त्रियांनी आठव्या आठवड्यानंतर एका आठवड्यात दोन किंवा अधिक रात्रपाळ्या केल्या, त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका सुमारे एक तृतीयांशाने जास्त दिसला. याचा अर्थ नीट समजून घ्यावा. जिथे शंभरांत तिघींचा गर्भपात झाला असता, तिथे चौघींचा झाला, एवढी ही वाढ. घाबरून जाण्याइतकी मोठी नाही, पण टाळता येत असेल तर का टाळू नये? एकीचा गर्भपात झाला म्हणून तो रात्रपाळीनेच झाला असेही म्हणता येत नाही. बहुतेक लवकरचे गर्भपात गर्भातच दोष असल्यामुळे होतात. झाल्या गोष्टीचा दोष कुणा बाईने स्वतःला लावून घेऊ नये आणि घरच्यांनीही तिला लावू नये.

म्हणून आठवड्यात एकापेक्षा जास्त रात्र नसावी आणि जमल्यास एकही नसावी. पाळी बदलून मिळाली नाही तर निदान सलग रात्री मागू नयेत. रात्री दोनच्या सुमाराला थोडे खावे, चहावर रात्र काढू नये. सकाळी घरी आल्यावर खिडकीला जाड कापड लावून सलग पाच-सहा तास झोपावे. इथे घरच्यांनी साथ दिली पाहिजे. रात्रपाळी करून आलेल्या सुनेला दहा वाजता स्वयंपाकाला उठवले, तर तिला झोप मिळालीच नाही.

महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यानुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामाला लावता येत नाही. भरती होताना कागदांच्या गठ्ठ्यात ही संमती घेतलेली असते. "मी गरोदर आहे, माझी रात्रीच्या कामाची संमती नाही" असे लेखी कळवता येते. मात्र ते कळवायचे तर गरोदर असल्याचे सांगावे लागते. म्हणूनच तीन महिने लपवून ठेवणे नुकसानीचे ठरते. रात्रपाळी बंद करायची सगळ्यात जास्त गरज असते, तेच ते तीन महिने.

लोकलची गर्दी

गर्दीत पोट दबले म्हणजे बाळाला लागते, ही भीती सगळ्यांना असते. पहिल्या तीन महिन्यांत गर्भपिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असते. पुढे ती वर येते, तेव्हा बाळ पाण्याच्या पिशवीत तरंगत असते. गर्दीचा साधा दाब त्या पाण्यात पसरून जातो. खरा धोका दोन गोष्टींचा. एक, चढता-उतरताना पडणे किंवा पोटावर जोरात कोपर, बॅग, दांडी लागणे. दोन, कोंदट डब्यात उभ्या उभ्या चक्कर येणे.

म्हणून धावत गाडी पकडायची नाही, दारात उभे राहायचे नाही. ही गाडी गेली तर पुढची येते. लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यात गरोदर स्त्रियांनाही प्रवास करता येतो. प्लॅटफॉर्मवर जिथे व्हीलचेअरचे चिन्ह असते तिथे हा डबा येतो. पोट दिसत नसलेल्या महिन्यांत कुणी हटकते, म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड किंवा डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये वरच ठेवावी.

आमच्या भगिनीची अडचण अशी होती की कळव्याला येणारी गाडी कल्याण-डोंबिवलीहूनच भरून येते. तिने आता सकाळी बसने ठाणे स्टेशन गाठायला सुरुवात केली आहे. तिथून सुटणारी धीमी गाडी रिकामी लागते आणि कुर्ल्यापर्यंत बसून जाता येते. यासाठी वीस मिनिटे लवकर निघावे लागते. येतानाही ती ठाण्यालाच संपणाऱ्या गाडीने दिव्यांगांच्या डब्यातून येते आणि पुढे बस धरते. रोजचा उभ्याचा प्रवास सत्तर मिनिटांनी कमी झाला.

डब्यात कान वाजायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लाजू नका. लगेच खाली बसा, डब्याच्या फरशीवर बसावे लागले तरी. उभ्याने पडण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पुढच्या स्टेशनवर उतरा, पाणी प्या, डाव्या कुशीवर पडा.

पडल्यास किंवा पोटावर जोरात मार लागल्यास "आता बरं वाटतंय" म्हणून घरी जाऊ नका. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर अशा माराने वार गर्भपिशवीपासून सुटू शकते आणि रक्त आतच साठल्यामुळे बाहेर काही दिसत नाही. रुग्णालयात किमान चार तास लक्ष ठेवून बाळाचे ठोके पाहावे लागतात. ज्यांचा रक्तगट निगेटिव्ह आहे, त्यांना अशा वेळी 72 तासांच्या आत अँटी-डी नावाचे इंजेक्शन लागू शकते. म्हणून आपला रक्तगट कार्डावर लिहिलेला आहे ना, ते आजच पाहा.

अर्ज कसा आणि केव्हा द्यायचा

1928 साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. प्रसूतीच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे देशाच्याच हिताचे आहे आणि तिच्या श्रमातून ज्या मालकाला फायदा होतो त्याने या खर्चाचा भार उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. 1929 साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. पुढे 1961 चा मातृत्व लाभ कायदा आला आणि त्यातल्या मुख्य तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्येही ठेवल्या आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांना आणि कारखान्यांना त्या लागू होतात. ठेकेदाराचे कामगारही यात येतात.

त्यातली एक तरतूद आपल्या बायकांना माहीतच नसते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या सहा आठवडे आधी आणि त्याच्याही आधीचा एक महिना, या काळात स्त्रीने मागणी केली तर तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. हलके काम दिले म्हणून पगारही कापता येत नाही. मात्र "मागणी केली तर" हे शब्द लक्षात ठेवा. मागितले नाही तर मिळत नाही.

आमच्या भगिनीची अपेक्षित तारीख 20 ऑक्टोबर. सहा आठवडे मागे गेले की 8 सप्टेंबर. त्याच्या एक महिना मागे 8 ऑगस्ट. म्हणजे 8 ऑगस्टपासून हा तिचा हक्क. पगारी रजा एकूण 26 आठवड्यांची असते. त्यातली जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येते, म्हणजे तिला 25 ऑगस्टपासून. त्यासाठी अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेले हवे. दोन मुले असतील तर पुढच्या बाळंतपणाला 12 आठवडे मिळतात.

कायद्यात एक भोक आहे, तेही सांगतो. 8 ऑगस्टच्या आधीच्या सहा-सात महिन्यांत बसण्याची सवलत मागायला हे कलम कामाला येत नाही. तिथे डॉक्टरांची चिठ्ठी उपयोगी पडते. तिचे हिमोग्लोबिन कमी होते, म्हणून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी लिहून दिले की सलग दोन तासांपेक्षा जास्त उभे राहू नये आणि जड उचलू नये. ती चिठ्ठी जोडून तिने अर्ज दिला. अर्ज लहानच होता:

"मी आपल्याकडे हाऊसकीपिंगचे काम करते. मी गरोदर असून अपेक्षित तारीख 20 ऑक्टोबर आहे. डॉक्टरांच्या सोबत जोडलेल्या सल्ल्यानुसार मला दर दोन तासांनी दहा मिनिटे बसण्याची परवानगी, जवळच्या शौचालयाचा वापर आणि शक्य तेवढे बसून करायचे काम मिळावे. 8 ऑगस्टपासून फार वेळ उभे राहण्याचे काम कायद्यानुसार देऊ नये, ही विनंती."

दोन प्रती काढल्या. एक दिली, दुसरीवर तारीख आणि सही घेतली. सुपरवायझर आधी सही द्यायला तयार नव्हता. म्हणून तिने अर्जाचा फोटो त्याच्या आणि ठेकेदाराच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला. तोही पुरावाच असतो. आठवडाभर तिला टोमणे ऐकावे लागले. मग तीन तास स्टोअरमध्ये सामान मोजून रजिस्टर लिहिण्याचे आणि पँट्रीतले कप पुसण्याचे काम मिळाले, तेही बसून. दहा मिनिटांच्या चार सुट्ट्या मिळाल्या. घरी नवऱ्याने पाणी भरणे आणि भांडी आपल्याकडे घेतली आणि भाजी ती बसून निवडते, त्यामुळे सत्तर मिनिटे वाचली. कागदावर पुन्हा बेरीज केली, तेव्हा बाराचे सहा तास झाले होते. पगार तोच राहिला.

तिच्या जावेला वाटत होती ती कामावरून काढण्याची भीती खोटी नाही, तसे घडते. पण एरवी जिला लाभ मिळाला असता, तिला गरोदरपणात कामावरून काढले तरी तो लाभ बुडत नाही. आणि मातृत्वाच्या रजेवर असताना काढणे बेकायदा आहे. म्हणून पगाराची पावती, हजेरीचे फोटो, ओळखपत्र, अर्जाची प्रत एका पिशवीत जपून ठेवा. पावतीवर ईएसआयची कपात दिसते का, तेही पाहा. ती पगाराच्या पाऊण टक्का असते, म्हणजे 14,000 पगारावर 105 रुपये. कपात होत असेल तर लाभ ठेकेदाराकडून नव्हे, ईएसआयकडून मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून किमान 70 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते.

घरकाम करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या भगिनींना हा कायदा लागू होत नाही, हे खरे दुःख आहे. त्यांनी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा फॉर्म आशाताई किंवा अंगणवाडीतून भरावा. पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात आणि दुसरी मुलगी झाल्यास 6,000. जिथे तीन-चार घरी काम आहे, तिथे सगळ्यात जास्त जिने आणि सगळ्यात जास्त धुणे असलेले घर सातव्या महिन्यात आधी सोडावे, पगार सर्वांत कमी असलेले नव्हे.

हे दिसले तर पाळी अर्धवट सोडा

संध्याकाळी पाय सुजले, रात्री पाय वर ठेवून झोपल्यावर सकाळी सूज उतरली, तर ती उभे राहण्याची सूज. पण सकाळी उठल्यावर चेहरा आणि हात सुजलेले असतील, बांगडी अडकत असेल, डोके दुखायचे थांबत नसेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील किंवा छातीखाली पोटात दुखत असेल, तर ते वाढलेल्या रक्तदाबाचे लक्षण असू शकते. रक्तदाब 140/90 किंवा जास्त आला तर घरी थांबू नका.

अधूनमधून पोट कडक होणे आणि बसल्यावर सैल पडणे हे चालते. पण पाणी पिऊन, डाव्या कुशीवर तासभर पडूनही त्या एका तासात चार किंवा अधिक वेळा पोट आवळत असेल, कमरेत कळ येत असेल, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, तर रुग्णालय गाठा. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल कमी वाटली तर जेवून कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर त्याच वेळी निघा, सकाळची वाट पाहू नका. 108 वर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. रजा मिळत नसेल तर पाळी बदलून घ्या, पण तो दिवस चुकवू नका. आमच्या भगिनीची जाऊ या 9 तारखेला तिच्यासोबत गेली. कार्ड काढले आणि दुसऱ्या दिवशी रात्रपाळी नको म्हणून अर्ज दिला. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या रविवारी विहारात ती पुन्हा येणार आहे. गरज पडली तर ठेकेदाराकडे आम्ही चौघी तिच्यासोबत जाणार आहोत. तुमच्या घरातही कुणी असा अर्ज द्यायचा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि पगाराची पावती घेऊन रविवारी वंदनेनंतर या. लिहून द्यायला आम्ही तिथे बसलेल्या असतो.

जय भीम.